पासवर्ड सहकाऱ्याला दिला म्हणून लॉगिन बंद केलं. आता त्या कर्मचाऱ्याला मेल कसा लिहू?

रेवती_चाकण

नमस्कार मंडळी. आमची चाकण एमआयडीसीतली गाड्यांचे सुटे भाग बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. मी तिथे एचआर आणि अ‍ॅडमिन बघते.

अकाउंट्समधले एक जण मार्चअखेर घरच्या कार्यासाठी रजेवर होते. बिल पास करायचा अधिकार त्यांच्या लॉगिनला आहे. ते गावी असताना त्यांच्या लॉगिनने २९ मार्चला सकाळी ११:२० ते दुपारी १:०५ या वेळात ९ बिलं पास झाली. आमच्या आयटीच्या मुलाला शंका आली, कारण हजेरीत रजा आणि लॉगिन मात्र स्टोअर्सच्या कॉम्प्युटरवरून. चौकशी केल्यावर स्टोअर्समधल्या सहकाऱ्याने सांगितलं की पासवर्ड यांनीच फोनवर दिला. त्याच संध्याकाळी लॉगिन बंद केलं. पैशांची गडबड आतापर्यंत तरी दिसलेली नाही.

आता त्यांना मेल मी लिहायचाय, आणि मराठीतच, म्हणजे कुठल्याही शब्दावरून वाद नको. साहेबांनी हा मसुदा दिलाय:

"आपण कंपनीच्या गोपनीयतेचा गंभीर भंग केला असून आपला अ‍ॅक्सेस तात्काळ प्रभावाने निलंबित करण्यात आला आहे. आपल्यावर कडक कारवाई का करू नये याचा खुलासा २४ तासांत सादर करावा."

बारा वर्षं जुना माणूस आहे. मला हे खटकतंय, पण नेमकं काय बदलू ते कळत नाही.

पावटे_उसळ

ताई, माझंही अगदी असंच झालं होतं. तीन वेळा चुकीचा पासवर्ड टाकला आणि बँकेने नेटबँकिंग बंद केलं. शाखेत जाऊन अर्ज भरला की दुसऱ्या दिवशी चालू होतं. काळजी करू नका.

चिंचवडचा_बंड्या

पावटे, त्यांचं लॉगिन बंद झालेलं नाहीये, त्यांनी दुसऱ्याचं केलंय. धागा परत वाचा राव.

सिस्टिम_कोथरूड

मसुद्याआधी एक विचारतो. हा मेल पाठवणार कुठे? ऑफिसचा मेल आणि ईआरपी एकाच खात्यावर असतील तर लॉगिन बंद केल्यावर मेलबॉक्सही बंद. तुम्ही लिहिलेलं पत्र त्यांना दिसणारच नाही, आणि २४ तासांची मुदत मात्र सुरू झालेली असेल. हे मी प्रत्यक्ष पाहिलंय. माणूस सोमवारी कामावर आला, "पासवर्ड चुकीचा" दिसतंय म्हणून दहा वेळा टाकत बसला आणि शेवटी शेजारच्याकडून कळलं.

तर आधी फोन करा, मग एचआरच्या नोंदीत असलेल्या त्यांच्या खासगी मेलवर पाठवा, आणि छापील प्रत सहीनिशी हातात द्या. मेलमध्ये कुठलीही लिंक घालू नका. "तुमचं खातं बंद झालंय, इथे क्लिक करा" हे फसव्या मेलचं ठरलेलं वाक्य आहे. कोणाकडे यायचं, त्याचं नाव आणि एक्स्टेंशन नंबर द्या.

दुसरं, तुमच्या आयटीने नेमकं काय केलंय ते विचारा. नुसता पासवर्ड बदलला असेल तर आधीच उघडं असलेलं सत्र काही काळ चालू राहू शकतं. मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर `Block sign-in` सोबत `Revoke sessions` सुद्धा करावं लागतं, आणि तरीही आधी मिळालेलं टोकन साधारण तासभर चालू शकतं. मेलमध्ये "अमुक वाजल्यापासून बंद" लिहिणार असाल तर ती वेळ खरी हवी.

निवृत्त_खजिनदार

मी पस्तीस वर्षं बँकेत काढली. साहेबांची भाषा कडक आहे, पण त्यांची भीती रास्त आहे. बँकेत नोंद करणारा एक आणि ती मंजूर करणारा दुसरा, हा नियम पोथीसारखा पाळतात. दोन लॉगिन म्हणजे दोन डोकी, असं गृहीत धरलेलं असतं. पासवर्ड दिला की डोकं एकच राहतं आणि कागदावर दोन दिसतात.

पंजाब नॅशनल बँकेचा २०१८ मध्ये उघड झालेला घोटाळा आठवा. मुंबईच्या ब्रॅडी हाउस शाखेतून परदेशी बँकांना हमीचे संदेश स्विफ्टवरून जात होते, आणि स्विफ्ट बँकेच्या मुख्य प्रणालीला जोडलेलंच नव्हतं. करणारा आणि तपासणारा वेगळा राहण्याची व्यवस्था कोलमडली की काय होतं, ते त्यातून सगळ्यांना दिसलं.

रेवतीताई, तुमच्याकडे माल आल्याची नोंद कोण करतं? स्टोअर्सच ना? मग त्या ९ बिलांपैकी किती बिलांच्या मालाची नोंद त्याच सहकाऱ्याने केली होती, ते आधी काढा. खरा प्रश्न तिथे आहे.

रेवती_चाकण

काका, आत्ता काढून बघितलं. ९ पैकी ४. म्हणजे या चार बिलांत माल आल्याची नोंद सहकाऱ्याने स्वतःच्या लॉगिनने केली आणि बिल यांच्या लॉगिनने पास केलं. हे माझ्या लक्षातच आलं नसतं.

@सिस्टिम_कोथरूड, मेलबॉक्स खरंच बंद आहे. आयटीला सत्रांबद्दलही विचारते.

निवृत्त_खजिनदार

मग त्या चार बिलांसाठी गेटवरच्या आवक रजिस्टरची नोंद, पुरवठादाराचं चलन आणि मूळ खरेदी ऑर्डर हे तिन्ही कागद समोरासमोर ठेवा. चलनावरचं नगांचं प्रमाण आणि गेटच्या नोंदीतली वेळ जुळली तर निम्मी काळजी मिटली. उरलेल्या पाच बिलांचं पडताळणीचं काम कमी आहे, पण तीही बघा. या तपासणीचा निकाल येईपर्यंत मेलमध्ये "गैरव्यवहार" हा शब्द येता कामा नये.

लाल_बावटा_भोसरी

एक लक्षात ठेवा, निलंबन म्हटलं की निर्वाह भत्ता द्यावाच लागतो. पहिले ९० दिवस निम्मा पगार, नंतर ७५ टक्के. कामगाराला घरी बसवून पगार बुडवायचा नवा धंदा निघालाय. त्यांना युनियनकडे पाठवा.

वकील_मिरजकर

लाल बावटा, आकडे बरोबर आहेत, पण लागू दुसरीकडे होतात. चौकशी चालू असताना माणसाला कामावरूनच दूर ठेवलं तर निर्वाह भत्ता. इथे फक्त लॉगिन बंद आहे. माणूस कामावर येणार, हजेरी लागणार, पगार पूर्ण मिळणार. उलट लॉगिन नाही म्हणून "तुम्ही घरीच थांबा" असं कोणी सांगून बसलं, तर मग तुमचा मुद्दा जिवंत होतो.

म्हणून रेवतीताई, मसुद्यातलं "निलंबित" काढा. "अमुक प्रणालीतील तुमचा प्रवेश तात्पुरता थांबवला आहे" असं लिहा आणि पुढच्याच वाक्यात "तुमची नोकरी, हजेरी आणि पगार यावर याचा परिणाम नाही" हे स्पष्ट म्हणा. हे वाक्य नसेल तर माणूस रात्रभर झोपणार नाही.

आणखी एक. "कारवाई का करू नये" ही कारणे दाखवा नोटिशीची भाषा. ती या मेलमध्ये घालू नका. लॉगिन थांबवल्याचं कळवणं आणि शिस्तभंगाची नोटीस देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोटीस द्यायचीच ठरली तर तपासणी झाल्यावर, स्वतंत्र कागदावर, नेमका आरोप लिहून. उत्तराला काही दिवस तरी द्या. २४ तास दिलेत तर पुढे कुठेही गेलात तरी तेच वाक्य तुमच्या अंगावर येईल.

चिंचवडचा_बंड्या

आमच्याकडे एकाने आयटी कायद्याचं ६६सी कलम टाकलं होतं मेलमध्ये. तीन वर्षं कैद, एक लाख दंड. वाचून समोरचा थेट आजारीच पडला.

वकील_मिरजकर

बंड्या, ते कलम आहे दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने किंवा अप्रामाणिकपणे वापरण्याबद्दल. ज्याचं लॉगिन त्यानेच स्वतःहून दिलेला पासवर्ड त्याच्याच सांगण्यावरून बिल पास करायला वापरला, यात लबाडी सिद्ध करायला बरंच काही लागेल. धाक दाखवायला कलम लिहिणं मला मुळीच पटत नाही.

सुगरण_सांगली

माझ्या नवऱ्याला असा मेल आला होता. तीन ओळी. "सुरक्षा कारणास्तव आपला अ‍ॅक्सेस रद्द. संबंधितांनी नोंद घ्यावी." खाली कोणाची सही नाही, कशामुळे ते नाही, कधीपर्यंत ते नाही. हे कोणाला विचारायला गेले की तो दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. जेवण जाईना. पुढे कळलं की त्यांच्या लॉगिनने प्रशिक्षणाला आलेल्या मुलाने रिपोर्ट काढले होते, आणि तो मुलगा यांच्याकडे बसवलाच होता साहेबांनी, लॉगिन न देता.

म्हणून मला विचाराल तर त्या मेलमध्ये सगळ्यात वर हवं, काय बंद आहे आणि काय चालू आहे. बाकीचं खाली.

रेवती_चाकण

सुगरणताई, तुमचं वाचून मी आज त्यांना आधी फोन केला. मेलबद्दल सांगितलं, फार खोलात शिरले नाही. पण ते स्वतःच बोलले. २८ तारखेला रात्री त्यांच्या मॅनेजरचा फोन आला होता. छोट्या पुरवठादारांची बिलं ३१ मार्चच्या आत पास झाली पाहिजेत, ४५ दिवस उलटले तर तो खर्च या वर्षी करातून वजा मिळणार नाही, "कोणाला तरी पासवर्ड देऊन टाक आणि मोकळा हो." मॅनेजर म्हणतायत, मी "सोय कर" म्हटलं, पासवर्डचं नाव काढलं नाही.

आता मी काय लिहू?

लाल_बावटा_भोसरी

बघा! मी म्हणत होतो. वरचा सुटणार, खालचा अडकणार.

निवृत्त_खजिनदार

वरच्याने सांगितलं म्हणून पासवर्ड द्यायचा नसतो. आमच्याकडे व्यवस्थापकाने मागितला तरी नाही म्हणायची शिकवण होती. अपवाद केला की नियम राहत नाही.

सुगरण_सांगली

काका, बँकेत नाही म्हणता येतं, कारण तिथे तसा नियम लिहिलेला असतो आणि रजेवरच्या माणसाचं काम कोण करणार तेही ठरलेलं असतं. छोट्या कंपनीत रात्री साडेनऊला मॅनेजरला नाही म्हणून दाखवा.

सीए_कोल्हापुरी

उशिरा आलो. मॅनेजरांची घाई समजते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५. मार्चअखेर आमच्याकडेही याचसाठी रात्री बारापर्यंत फोन येतात. पण नुसतं बिल पास करून काही होत नाही, पैसे वेळेत जायला हवेत. ती बिलं पास झाल्यावर पैसे कधी गेले हेही बघून घ्या.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड आहात. १ एप्रिल २०२३ पासून सुरू होणाऱ्या वर्षांपासून प्रत्येक कंपनीचं हिशेबाचं सॉफ्टवेअर असं हवं की प्रत्येक व्यवहाराची आणि प्रत्येक बदलाची नोंद आपोआप राहील आणि ती कोणाला बंद करता येणार नाही. ऑडिटरला अहवालात त्यावर लिहावं लागतं. आता तुमच्या त्या नोंदीत २९ मार्चला ९ बिलांसमोर रजेवर असलेल्या माणसाचं नाव आहे. ती नोंद आता पुसता येणार नाही, आणि पुसायचीही नाही. खरं काय घडलं हे सांगणारा एक वेगळा कागद तिच्याजवळ असायला हवा. तुमचा मेल आणि त्यांचं उत्तर मिळून तोच कागद होईल. म्हणून मेलमध्ये तारीख, वेळ, बिलांची संख्या, कोणता कॉम्प्युटर हे सगळं नीट असू द्या. विशेषणं गाळा.

त्यांच्याकडून काय हवंय तेही नेमकं मागा. "खुलासा करा" म्हटलं की माणूस दोन पानं माफी लिहितो आणि उपयोगाची ओळ एकही नसते. पासवर्ड कधी, कोणाला, कसा दिला. ओटीपी दिला का. हाच पासवर्ड आणखी कुठे वापरताय का. ९ पैकी कुठली बिलं त्यांना आधीपासून माहीत होती. एवढंच.

सिस्टिम_कोथरूड

ओटीपीचा मुद्दा चांगला. तो मागितला गेलाच नसेल तर दोष तुमच्या प्रणालीच्या रचनेतही आहे.

आणि "हाच पासवर्ड आणखी कुठे" हे विचाराच, पण तो पासवर्ड काय होता ते मात्र विचारू नका. काही ठिकाणी आयटीवाले तेही लिहून मागतात.

रेवती_चाकण

रात्री बसून हा लिहिला. सांगा.

"नमस्कार श्री. ______,

आज फोनवर बोलल्याप्रमाणे लेखी कळवत आहे. २९ मार्च रोजी सायं. ६:१० पासून कंपनीच्या हिशेब प्रणालीतील आणि ऑफिस मेलमधील तुमचा प्रवेश तात्पुरता थांबवला आहे. तुमची नोकरी, हजेरी आणि पगार यावर याचा परिणाम नाही. रजा संपल्यावर नेहमीप्रमाणे कामावर यावे. प्रवेश पुन्हा मिळेपर्यंत बिल पास करण्याचे काम अकाउंट्समधील दुसऱ्या अधिकाऱ्यांकडे दिले आहे.

कारण असे: २९ मार्चला सकाळी ११:२० ते दुपारी १:०५ या वेळेत तुमच्या लॉगिनने स्टोअर्स विभागातील संगणकावरून ९ बिले पास झाली. त्या दिवशी तुम्ही रजेवर होता. तुमचा पासवर्ड सहकाऱ्याला दिला गेल्याचे आम्हाला सांगण्यात आले आहे. ९ पैकी ४ बिलांमध्ये माल आल्याची नोंद करणारी आणि बिल पास करणारी व्यक्ती एकच असल्याचे दिसते, म्हणून या सर्व बिलांची कागदपत्रे तपासली जात आहेत. तपासणी पूर्ण होईपर्यंत तुमच्या नावाने आणखी नोंद होऊ नये, यासाठी प्रवेश थांबवला आहे. तुमच्याविरुद्ध कोणताही निष्कर्ष काढलेला नाही.

कामावर आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात: पासवर्ड कधी, कोणाला आणि कोणाच्या सांगण्यावरून दिला, ओटीपी दिला होता का, यांपैकी कोणती बिले तुम्ही आधी पाहिली होती, हाच पासवर्ड इतरत्र वापरत आहात का. पासवर्ड लिहू नये. इतरत्र वापरत असल्यास तिथे आजच बदलावा.

तुमचे उत्तर आणि बिलांची तपासणी झाल्यावर प्रवेश पुन्हा देण्याचा निर्णय ______ घेतील व तुम्हाला लेखी कळवतील. काही विचारायचे असल्यास माझ्याशी एक्स्टेंशन ___ वर बोलावे."

वकील_मिरजकर

चांगला झालाय. "कोणाच्या सांगण्यावरून" हे घातलंत ते योग्य. मॅनेजरांचं नाव मेलमध्ये नाही हेही योग्य, ते त्यांच्याकडून येऊ द्या. पण मग निर्णय घेणाऱ्याच्या रिकाम्या जागी त्याच मॅनेजरांचं नाव येता कामा नये.

निवृत्त_खजिनदार

"पासवर्ड कोणालाही देऊ नये" हे वाक्य कुठेच नाही. ते हवं.

सुगरण_सांगली

ते त्यांना आता ठाऊक आहे काका.

निवृत्त_खजिनदार

ठाऊक असलं तरी कागदावर हवं. पुढच्या वेळी "मला कोणी सांगितलं नव्हतं" म्हणतील.

सीए_कोल्हापुरी

दोघांचंही जमेल. तुमच्या नेमणुकीच्या पत्रात किंवा आयटी नियमांत पासवर्डबद्दल ओळ असेल तर तिचा कलम क्रमांक एका वाक्यात द्या. अशी ओळच नसेल तर या मेलमध्ये नियम असल्यासारखं लिहू नका. आधी नियम करा, सगळ्यांना द्या, सह्या घ्या.

रेवती_चाकण

शोधलं. नेमणुकीच्या पत्रात "गोपनीयता राखावी" एवढंच आहे, पासवर्डचा उल्लेख नाही. म्हणून ते वाक्य घातलं नाही. नियमांचं पत्रक वेगळं काढतेय, आणि त्यात रजेवर जाण्याआधी बिल पास करायचे अधिकार तारखेसकट दुसऱ्याच्या स्वतःच्या लॉगिनला द्यायची सोयही लिहितेय. आमच्या ईआरपीत ती आहे, कोणी वापरली नव्हती.

साहेबांनी मेल वाचला. "फार मऊ" म्हणाले, पण चार बिलांचा आकडा बघून गप्प झाले आणि पाठवा म्हणाले. छापील प्रत उद्या देणार. निर्णयाच्या जागी फायनान्सच्या संचालकांचं नाव आहे.

गेटचं रजिस्टर आलं. तीन बिलं तंतोतंत जुळतात. चौथ्यात चलनावर ५०० नग आहेत आणि गेटच्या नोंदीत ४८०.

सिस्टिम_कोथरूड

२० नग रिजेक्ट होऊन गेटवरूनच परत गेले असतील का? परतीचा गेटपास बघा.

पावटे_उसळ

आता धागा पूर्ण वाचला. मघाशी माझा घोळ झाला. एक शंका: ज्या स्टोअर्सवाल्याने लॉगिन वापरलं त्यालाही असाच मेल जाणार का? की फक्त देणाऱ्याला?

वकील_मिरजकर

जायला हवा, आणि त्याच दिवशी. त्याच्या मेलमधले प्रश्न मात्र वेगळे असतील. त्याचं स्वतःचं लॉगिन थांबवायचं का, यावर माझं आणि खजिनदार काकांचं जमणार नाही. माझ्या मते चौथ्या बिलाचा उलगडा होईपर्यंत माल आल्याची नोंद त्याच्याकडून काढावी, बाकी चालू ठेवावं.

निवृत्त_खजिनदार

माझ्या मते पूर्ण थांबवावं. पासवर्ड देणाऱ्याचं बंद आणि वापरणाऱ्याचं चालू, हे त्या बारा वर्षांच्या माणसाला कसं वाटेल?

रेवती_चाकण

हाच प्रश्न उद्या संचालकांसमोर ठेवतेय. परतीचा गेटपास अजून सापडलेला नाही, स्टोअर्सची २९ तारखेची फाइल मागवली आहे.